मामाने माईक घेतला तर काय बोलावं?

‘भाचीचं लग्न तासगावला आहे. साखरपुड्यात वरपक्षाकडच्या बायका तिच्यासमोरच म्हणाल्या, पोरगी गुणाची आहे, रंगात तेवढा मार खाते. मंगलाष्टकांआधी मला दोन शब्द बोलायचेत. विषय काढावासा वाटतो, पण त्यामुळं तिला सासरी त्रास झाला तर?’

असेच एक मामा माझ्याकडे सांगलीत आले होते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलून सांगते. मार्केट यार्डातल्या हळदीच्या अडत दुकानात आयुष्य काढलेला माणूस. भाषण लिहूनच आणलं होतं : हळकुंड वरून मळकट दिसतं, मोडल्यावर आतला रंग कळतो, आमची पोरगी तशी आहे.

अगदी मनापासून लिहिलं होतं, तरीही मी ते काढायला सांगितलं. व्यापारी हळकुंड मोडून बघतो ते भाव ठरवायला. मांडवातल्या लोकांनी नवरीची पारख करावी, हेच त्यातून मान्य होत होतं. शिवाय ‘वरून मळकट’ हे खुद्द मामानंच माईकवरून कबूल केलं असतं. ‘विठोबासुद्धा सावळाच’ हेही गाळलं. भाचीनं ते लहानपणापासून ऐकलं होतं, आणि दरवेळी कुणीतरी तिच्या रंगावर बोलून गेल्यावरच ऐकलं होतं.

मग मी त्यांना विचारलं, भाचीशी बोललात का? नव्हते बोलले. लग्न तिचं, अपमान तिचा, आणि भाषणानंतर त्या घरात राहायचं तिला. मी त्यांना सांगितलं, तिला एकटीला गाठा. आईसमोर विचारलंत तर ‘जाऊ दे मामा’ एवढंच म्हणेल.

ब्लाऊज आणायला शिंप्याकडे जाताना त्यांनी विषय काढला. ती म्हणाली, बोला, पण कुणाकडे बोट दाखवू नका. आणि आधी हे आपल्या घरात थांबवा. तिच्या सख्ख्या मावशीनं मेडिकलमधून गोरं होण्याची क्रीम आणून दिली होती. ती लावून उन्हात गेलं की गाल लालबुंद होऊन चुरचुरायचे. मी तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवलं. चिठ्ठीशिवाय मिळणाऱ्या अशा क्रीममध्ये बऱ्याचदा स्टेरॉईड असतं. सुरुवातीला चेहरा उजळल्यासारखा वाटतो, पुढं कातडी पातळ होते, पुरळ येतं, लव वाढते. एकदम बंद केली तरी त्रास उसळतो, म्हणून ती डॉक्टरांच्या सल्ल्यानंच सोडावी लागते.

या बोलण्यानंतर भाषणच बदललं. टोचणारी माणसं आपल्याकडचीही आहेत म्हटल्यावर सुरुवात तिथूनच करायची ठरली, म्हणजे समोरच्या बाजूला आपल्याला पिंजऱ्यात उभं केल्यासारखं वाटणार नाही. नवऱ्यामुलालाही भाचीनं आधीच कल्पना दिली. ही पायरी वगळू नका. मांडवात त्याला पहिल्यांदाच ऐकायला मिळालं तर तो आईकडं बघेल की बायकोकडं, सांगता येत नाही.

मुहूर्ताची घाई असते, लोकांचं निम्मं लक्ष जेवणाकडं. म्हणून दोन मिनिटांच्या आत संपेल एवढंच ठेवलं. ते साधारण असं होतं :

‘मी नवरीचा मामा. 2019 च्या महापुरात आमच्या गल्लीत पाणी आलं, तेव्हा शाळेतल्या छावणीत म्हाताऱ्यांच्या बीपी-शुगरच्या गोळ्यांची वही हिनं सांभाळली. कुणाची गोळी चुकू दिली नाही. अशी ही आमची पोर. तिच्या रंगाबद्दल आमच्याच घरात बोललं गेलं, ते आम्ही बंद केलं. आता ती दोन्ही घरांची झाली. दोन्ही घरांत हा विषय पुन्हा निघू नये, एवढी मामाची हात जोडून विनंती. आपण सगळ्यांनी दोघांना आशीर्वाद द्यावेत.’

तिच्या गुणांची यादी दिली नाही, एकच खरी गोष्ट सांगितली, आणि रंगाची भरपाई म्हणून ती जोडली नाही, हे लक्षात घ्या. बोलताना ते कुणाकडं रोखून बघितले नाहीत. मग भाचीला घेऊन अंतरपाटापाशी गेले.

वराची एक आत्या जेवणापर्यंत घुश्शात होती. सासूबाई मात्र निघताना मामांना म्हणाल्या, ‘माझ्या लग्नात असं बोलणारं कुणी नव्हतं.’ काही महिन्यांनी भाची भेटली तेव्हा म्हणाली, आत्या अजून अधूनमधून बोलतात, पण आता नवराच त्यांना तिथल्या तिथं थांबवतो.

तुमच्याकडं एक गोष्ट आधी तपासा. रंगाचं बोलणं देण्याघेण्याशी जोडलं जातंय का? ‘रंग असा आहे, तर निदान गाडी तरी द्या’ असं काही कानावर आलं असेल, तर तो हुंडा आहे आणि 1961 पासून कायद्यानं गुन्हा आहे. तिथं माईकवरची विनंती पुरणार नाही. लग्नाआधीच दोन्हीकडच्या मोठ्यांना बसवा, आणि हे लग्न करायचं की नाही हे भाचीला मोकळेपणानं ठरवू द्या. पत्रिका वाटल्यात म्हणून तिला गप्प करू नका. लग्नानंतर रंगावरून सतत पाणउतारा होऊ लागला, तर 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान आणि हिणवणंही हिंसेत धरलं आहे. त्यासाठी संरक्षण अधिकाऱ्याकडं जाता येतं, हे तिला आत्ताच सांगून ठेवा.

तसं काही नसेल, तर या आठवड्यात तिला एकटीला भेटा. ती ‘नको’ म्हणाली, तर माईकवरून फक्त आशीर्वाद द्या आणि जे सांगायचंय ते नवऱ्यामुलाला बाजूला घेऊन सांगा.