ड्रायव्हरसाठी फेसबुकवर पयली फॉर्मवाली जाहिरात देतोस तर

भाऊ, लोकेशन आख्खा महाराष्ट्र नको ठेवू, दर्यापूरपासून ३०-४० किलोमीटर बस झालं, नाहीतर पुण्याचे फॉर्म येत राह्यतात अन् पैसे जातात. पगार जाहिरातीतच लिव. मी नव्हता लिवला, ६० फॉर्म आले अन् निम्म्यांनी फोनवर आकडा ऐकूनच नाही म्हटलं.

फॉर्मात चारच प्रश्न ठेव:
- गाव
- लायसन लाइट का हेवी
- किती वर्षं अन् कोणती गाडी चालवली
- चालू व्हॉट्सअॅप नंबर

नंबर वेगळा विचारच, कारण फेसबुकचा फॉर्म प्रोफाइलवरचा नंबर आपोआप भरते अन् तो बरेचदा जुना, बंद पडलेला असते. बायोडाटा मागू नको, ड्रायव्हर लोक तिथंच फॉर्म सोडतात. फोन त्याच दिवशी लाव, दोन दिवसांनी तो दुसऱ्याच्या गाडीवर बसलेला असते.