युलिपची मुदतपूर्ती आणि सातपट विमा रक्कम

प्रश्न: जून २०१५ मध्ये, वयाच्या ४७व्या वर्षी, दहा वर्षांची युलिप घेतली. वार्षिक हप्ता ६०,००० रुपये, विमा रक्कम ४,२०,००० रुपये. जून २०२५ मध्ये १०,४०,००० रुपये मिळाले, पण कंपनीने त्यातून ८,८०० रुपये टीडीएस कापला. विम्याची रक्कम करमुक्त असते ना? मग ही कपात कशासाठी?

उत्तर: कपात बरोबर आहे, कारण आपली पॉलिसी कलम १०(१०डी)च्या सवलतीत बसत नाही. १ एप्रिल २०१२ रोजी किंवा त्यानंतर दिलेल्या पॉलिसीच्या बाबतीत, मुदतीतील कोणत्याही वर्षाचा हप्ता विमा रकमेच्या १० टक्क्यांहून अधिक असेल, तर मुदतपूर्तीच्या रकमेला ही सवलत मिळत नाही. (त्याआधीच्या, म्हणजे १ एप्रिल २००३ पासूनच्या पॉलिसींना ही मर्यादा २० टक्के होती.) आपल्या ४,२०,००० रुपयांचे १० टक्के म्हणजे ४२,००० रुपये होतात आणि हप्ता आहे ६०,०००, म्हणजे १४ टक्क्यांहून थोडा जास्त.

सातपट विमा रक्कम आली कुठून, हे समजून घेण्यासारखे आहे. त्या काळच्या विमा नियामकाच्या नियमांनुसार ४५ वर्षांखालील ग्राहकाला हप्त्याच्या किमान दहापट विमा रक्कम द्यावी लागे. ४५ आणि त्यापुढील वयासाठी मात्र सातपट पुरेशी होती. वाढत्या वयात मृत्युजोखमीचे शुल्क जास्त लागते, त्यामुळे विमा रक्कम कमी ठेवली की फंडात अधिक पैसे गुंततात, हे त्यामागचे व्यावहारिक कारण. परंतु प्राप्तिकर कायद्याने वयानुसार अशी सूट दिली नाही, म्हणून विमा नियमांनुसार निर्दोष असलेली पॉलिसी करनियमात नापास होऊ शकते. विक्रेत्यांनी ही गोष्ट फॉर्म भरताना सांगायला हवी होती, असे माझे स्पष्ट मत आहे. फंडाचे मूल्य वाढून ते विमा रकमेच्या पुढे गेले, तरी फरक पडत नाही, कारण कायदा मुदतीत कधीही असलेली किमान विमा रक्कम पाहतो. याच कारणाने, सुरुवातीला दहापट घेऊन मधेच शुल्क वाचवण्यासाठी विमा रक्कम घटवणाऱ्यांचीही सवलत जाऊ शकते. एकरकमी हप्त्याच्या सव्वापट विमा रक्कम असलेल्या पॉलिसीत तर हप्ता विमा रकमेच्या ८० टक्के होतो.

आता कर किती, ते पाहू. आपण भरलेले एकूण हप्ते ६,००,००० रुपये, म्हणून नफा ४,४०,००० रुपये. कलम १९४डीए खाली टीडीएस पूर्ण रकमेवर नसून नफ्याच्या भागावर, १ ऑक्टोबर २०२४ पासून २ टक्के दराने कापला जातो. ४,४०,००० चे २ टक्के म्हणजेच आपले ८,८०० रुपये.

येथे वर्षाचा योग आपल्या बाजूने आहे. सवलत न मिळालेल्या अशा जुन्या युलिपचा नफा पूर्वी ‘इतर स्रोतांपासूनचे उत्पन्न’ म्हणून टप्प्यानुसार करपात्र धरला जाई. २०२५ च्या वित्त कायद्याने, कलम १०(१०डी)ची सवलत न लागणारी प्रत्येक युलिप आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून भांडवली मालमत्ता ठरवली. आपला फंड इक्विटीप्रधान असेल, तर दीर्घकालीन भांडवली नफ्यातील १,२५,००० रुपये वगळून उरलेल्या ३,१५,००० रुपयांवर १२.५ टक्के, म्हणजे ३९,३७५ रुपये, आणि ४ टक्के उपकर धरून ४०,९५० रुपये कर होतो. (वर्षात शेअर किंवा म्युच्युअल फंडांचा असाच नफा झाला असेल, तर १,२५,००० ची सूट सर्वांत मिळून एकदाच.) टीडीएस वजा जाता ३२,१५० रुपये भरावे लागतील. हाच नफा ३० टक्क्यांच्या टप्प्यात गेला असता, तर उपकरासह १,३७,२८० रुपये झाले असते.

मात्र ‘इक्विटीप्रधान’ या शब्दाकडे लक्ष द्यावे. किमान ६५ टक्के रक्कम भारतीय सूचिबद्ध शेअर्समध्ये असण्याची अट पॉलिसीच्या संपूर्ण मुदतीत पाळलेली असावी लागते. शेवटच्या दोन वर्षांत सुरक्षिततेसाठी पैसे डेट फंडात वळवले असतील, तर १,२५,००० रुपयांची सूट धरू नये. कंपनीकडून फंड बदलाचे विवरण मागवून मगच हिशोब करावा.

विवरणपत्र आयटीआर-२ भरावे लागेल, कारण नफा १,२५,००० च्या वर आहे. फॉर्म २६एएसमध्ये ८,८०० रुपयांची नोंद दिसते का, तेही तपासावे. आणखी एक: कलम ८०सीखाली दरवर्षी पूर्ण ६०,००० रुपयांची वजावट घेतली असेल, तर तेथेही मर्यादा विमा रकमेच्या १० टक्के, म्हणजे ४२,००० रुपयेच होती.