लिलावातली टॅक्सी: किलोमीटरपेक्षा तास मोजा

प्रश्न: "पुण्याच्या एका टॅक्सी कंपनीची चार वर्षांची सीएनजी सेडान लिलावात 3 लाख 20 हजारांपर्यंत मिळेल. 1 लाख 90 हजार किलोमीटर झालेत. तशीच घरगुती वापराची गाडी सोलापुरात सव्वाचार लाखांना आहे. बचत चार लाख. तुळजापूर, अक्कलकोट, पंढरपूर एवढंच फिरणं. घेऊ का?"

या भावात घेऊ नका. 2 लाख 50 हजारांच्या आत मिळाली तर विचार करा, तोही गाडी पाहून झाल्यावर.

किलोमीटरचा आकडा ऐकून घाबरू नका, पण त्यावर विसंबूही नका. पुणे-सोलापूर हायवेवर ताशी सरासरी 50 ने धावलेल्या गाडीचं इंजिन एवढ्या अंतरासाठी 3,800 तास चालतं. पुण्याच्या गर्दीत सरासरी 20 ने फिरलेल्या गाडीचं 9,500 तास. मीटरवर दोन्हीकडे आकडा एकच, झीज मात्र कितीतरी वेगळी. दिवसभर धावणाऱ्या टॅक्सीचं इंजिन वारंवार थंड पडत नाही, म्हणून ते अनेकदा ठणठणीत असतं. क्लच, सस्पेन्शनचे बुश आणि एसी मात्र शहरात लवकर जातात.

गाडी कुठे फिरली, हे ती स्वतःच सांगते. बॉनेट आणि पुढच्या काचेवर बारीक खड्यांचे टवके असतील तर हायवेची शक्यता जास्त. मागच्या डाव्या दाराचं हँडल घासलेलं, मागची सीट बसलेली आणि क्लच पेडलचं रबर गुळगुळीत असेल तर शहरातल्या फेऱ्या. पेडलचं रबर नवं कोरं आणि स्टिअरिंग झिजलेलं दिसलं तर सावध व्हा. सर्व्हिस सेंटरच्या नोंदींत तारखेगणिक रीडिंग चढत गेलंय का, आणि क्लच किती वेळा बदलला, हे तपासा. रीडिंग मध्येच मागे गेलं असेल तर गाडी सोडून द्या. लिलावाच्या यार्डात बहुधा फक्त स्टार्ट करून दाखवतात, चालवू देत नाहीत. म्हणून सोबत मेकॅनिक न्याच.

आता पैशाचं. क्लच, सस्पेन्शन, टायर, बॅटरी यांसाठी मी 65 हजार धरतो. पिवळी पाटी उतरवून गाडी खासगी करताना परमिट जमा करणं, कर, ट्रान्सफर आणि नवा विमा यांना 40 हजार, लिलावाची फी 10 हजार. हे माझे अंदाज आहेत. कराचा नेमका आकडा आणि हे मॉडेल खासगी होतं का, हे बोलीआधी सोलापूरच्या आरटीओत विचारा. एकूण 4 लाख 35 हजार, म्हणजे घरगुती गाडीहून 10 हजार जास्त, आणि तुमच्या बचतीबाहेर. शिवाय पुढे विकताना आधीची टॅक्सी म्हणून भाव पडेल. त्या तोट्यापोटी आणि न चालवता घेण्याच्या जोखमीपोटी मला निदान 60 हजारांची सूट हवी. सव्वाचार लाखांतून 60 आणि वरचे 1 लाख 15 हजार वजा केले की अडीच लाख उरतात.

बोलीआधी वाहन पोर्टलवर थकलेली चलनं, फिटनेसची मुदत आणि कर्जाचा बोजा पाहून घ्या. बँकेची एनओसी हातात येईपर्यंत पूर्ण रक्कम भरू नका. लिलावाच्या अटींत ते बसत नसेल, तर बोलीच लावू नका.