शेवटच्या वर्षी मशीन विकलं तर तोट्यावर खरंच कर वाचतो का?

"आमची भागीदारी फर्म आहे, जॉबवर्क करतो. २० लाखांचं सीएनसी मशीन घ्यायचं आहे, पाच वर्षांनी ६ लाखांना विकलं जाईल असा अंदाज आहे. फायनान्सच्या पुस्तकात दिलंय की विक्री किंमत पुस्तकी किमतीपेक्षा कमी आली तर फरकावर कर वाचतो आणि तो शेवटच्या वर्षाच्या रकमेत मिळवायचा. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये तसंच दाखवू का?"

तसंच दाखवू नका, निदान तुमच्याकडे दुसरी कुठली मशिनरी आहे हे पाहिल्याशिवाय तरी नाही. मी पुण्यात लहान कारखान्यांचे हिशेब आणि कर्जाचे रिपोर्ट करतो. शेवटच्या वर्षाचा हा आकडा बहुतेक रिपोर्टमध्ये पुस्तकातून जसाच्या तसा उचललेला असतो, आणि आपल्या आयकर कायद्यात तो बसत नाही.

पुस्तकातलं सूत्र अशा व्यवस्थेतून आलंय जिथे प्रत्येक मशीनचं खातं वेगळं असतं. अमेरिकेत तसंच आहे. मशीन विकलं की त्याचं खातं बंद, उरलेली किंमत एका बाजूला, आलेले पैसे दुसऱ्या बाजूला, आणि फरक त्याच वर्षीच्या नफ्यात किंवा तोट्यात. आपल्याकडेही पूर्वी असंच होतं. करनिर्धारण वर्ष १९८८-८९ पासून 'ब्लॉक ऑफ अ‍ॅसेट्स' आला आणि एकेका मशीनची ओळख कायद्याच्या लेखी संपली. एकाच दराने घसारा मिळणारी सगळी यंत्रसामग्री एका पोत्यात. नवीन घेतलं तर किंमत पोत्यात मिळवायची, जुनं विकलं तर आलेले पैसे पोत्यातून वजा करायचे, आणि वर्षअखेर जे उरेल त्यावर घसारा. विकलेल्या मशीनची स्वतःची किंमत किती उरली होती, हे कोणी विचारतच नाही.

आता तुमचे आकडे घेऊ. २० लाख ही जीएसटी सोडून किंमत धरतो, कारण त्याचं क्रेडिट तुम्ही घेणार. मशीन एप्रिलमध्ये लगेच वापरात आलं असं समजू. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर पहिल्या वर्षी अर्धाच घसारा मिळतो. दर १५ टक्के, घटत्या शिलकीवर. पहिल्या वर्षाअखेर १७ लाख उरतात, दुसऱ्याच्या १४,४५,०००, तिसऱ्याच्या १२,२८,२५०, चौथ्याच्या १०,४४,०१३. पाचव्या वर्षाच्या मार्चमध्ये मशीन ६ लाखांना विकलं. फर्मचा कर ३० टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के.

पुस्तकातल्या सूत्राने पाचव्या वर्षाचा घसारा आणि विक्रीवरचा तोटा मिळून ४,४४,०१३ रुपये खर्ची पडतात. त्यावर १,३८,५३२ रुपयांचा कर वाचतो. म्हणजे शेवटच्या वर्षी हातात ६ लाख अधिक १,३८,५३२, एकूण ७,३८,५३२. रिपोर्टमध्ये हाच आकडा येतो आणि दिसायलाही छान दिसतो.

पण समजा ब्लॉकमध्ये तुमचं हे एकच मशीन होतं. ते विकलं की ब्लॉकमध्ये काहीच उरत नाही, आणि ज्या वर्षी ब्लॉक संपतो त्या वर्षी त्यावर घसाराच मिळत नाही. मग १०,४४,०१३ मधून ६ लाख वजा जाऊन उरलेले ४,४४,०१३ कलम ५० खाली जातात आणि त्यांना अल्पकालीन भांडवली तोटा म्हणतात. आकडा पुस्तकाइतकाच आहे, पण त्याची जात बदलली. भांडवली तोटा जॉबवर्कच्या नफ्यातून वजा करता येत नाही. तो फक्त भांडवली नफ्यातून वजा होतो, आणि तसा नफा नसेल तर आठ वर्षं पुढे ओढता येतो, तोही विवरणपत्र मुदतीत भरलं असेल तरच. जॉबवर्क करणाऱ्या फर्मला भांडवली नफा कुठून येणार? गाळा किंवा जमीन विकायचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. नसेल तर त्या वर्षीची करबचत शून्य, आणि हातात फक्त ६ लाख.

आता उलट बाजू. समजा तुमच्याकडे आणखी एक लेथ, एक कॉम्प्रेसर आणि ऑफिसातला एसी आहे. हे सगळं १५ टक्क्यांच्याच ब्लॉकमध्ये येतं, फर्मच्या नावावर घेतलेली साधी मोटारसुद्धा. (कॉम्प्युटरचा दर ४० टक्के आणि फर्निचरचा १० टक्के, त्यांचे ब्लॉक वेगळे.) मग सीएनसी विकूनही ब्लॉक जिवंत राहतो. ६ लाख त्यातून वजा होतात, आणि तुमच्या मशीनच्या वाट्याचे ४,४४,०१३ रुपये ब्लॉकमध्येच राहून दरवर्षी १५ टक्क्यांनी झिजत जातात. तोटा बुडत नाही, फक्त हप्त्याहप्त्याने मिळतो. तोही धंद्याचा खर्च म्हणून, म्हणजे जॉबवर्कच्या नफ्यातून वजा होणारा.

या हप्त्यांची विक्रीच्या दिवशीची किंमत काढता येते. व्याजदर १२ टक्के धरला तर ब्लॉकमधल्या एका रुपयामागे, त्या वर्षीचा घसारा धरून, आजच्या मोलाने सुमारे ६२ पैसे घसारा मिळतो. गणित सोपं आहे: ०.१५ गुणिले १.१२, भागिले ०.२७. यातले ०.२७ म्हणजे घसाऱ्याचा दर आणि व्याजदर यांची बेरीज. ४,४४,०१३ ला हे लावून ३१.२ टक्के घेतले की सुमारे ८६,२०० रुपये येतात. म्हणजे शेवटच्या वर्षाची रक्कम साधारण ६,८६,०००.

मशीन तेच, विक्री तीच, पण उत्तरं तीन: ७.३८ लाख, ६.८६ लाख आणि ६ लाख. त्यातलं पहिलं तुम्हाला लागूच नाही.

नफा झाला तर चित्र उलटतं. हेच मशीन १२ लाखांना गेलं असं धरा. एकटं असेल तर १,५५,९८७ रुपयांचा अल्पकालीन भांडवली नफा होतो आणि त्यावर ४८,६६८ रुपये कर लगेच द्यावा लागतो. पाच वर्षं वापरलं म्हणून दीर्घकालीन नफ्याचा सवलतीचा दर मिळेल, असं अनेकांना वाटतं. तो धरून चालू नका. घसारा घेतलेल्या वस्तूवरचा हा नफा कायदा अल्पकालीनच धरतो. पण ब्लॉकमध्ये इतर यंत्रं असतील आणि ब्लॉकची शिल्लक १२ लाखांपेक्षा जास्त असेल, तर त्या वर्षी नफ्यावर कर काहीच नाही, फक्त पुढचा घसारा कमी होतो. एक कोपरा मात्र लक्षात ठेवा. विक्रीचे पैसे अख्ख्या ब्लॉकच्या शिलकीपेक्षा जास्त आले, तर वरची रक्कम करपात्र होते आणि ब्लॉक शून्यावर येतो. कारखान्यात यंत्रं उभी असतात आणि घसारा एक रुपयाही मिळत नाही. जुन्या यंत्रांना चांगला भाव आला की हे घडतं.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त पैसे याच गोष्टीत आहेत. एकुलतं मशीन विकून त्या जागी नवीन घ्यायचं असेल, तर नवीन मशीन त्याच आर्थिक वर्षात, ३१ मार्चच्या आत घ्या. त्याची किंमत ब्लॉकमध्ये जमा होते, ब्लॉक जिवंत राहतो आणि तोटा भांडवली होत नाही. जुनं मार्चमध्ये विकलं आणि नवीन एप्रिलमध्ये आलं, तर तुमच्या आकड्यांत ४.४४ लाखांची वजावट धंद्याच्या हिशेबातून निसटते. पुरवठादाराची डिलिव्हरी लांबत असेल तर जुन्याची विक्री एप्रिलवर ढकला. गिऱ्हाईक तेवढं थांबतं का, हे मात्र त्याच्याशी बोलूनच कळेल.

हिशेबाच्या वह्यांकडेही लक्ष द्या. तुमचा अकाउंटंट नफा-तोटा पत्रकात 'लॉस ऑन सेल ऑफ मशिनरी' अशी नोंद टाकेल. वह्यांपुरतं ते बरोबर आहे. आयकराचं उत्पन्न काढताना मात्र ती रक्कम परत मिळवावी लागते, कारण आयकरात तिची जागा ब्लॉकने घेतली आहे. ती तशीच राहिली तर एकच तोटा दोनदा वजा होतो. तुमचं टॅक्स ऑडिट होत असेल तर त्या अहवालातल्या घसाऱ्याच्या तक्त्यात विक्रीची रक्कम ब्लॉकमधून वजा दिसते आणि ही गफलत लगेच उघडी पडते.

वरच्या गणितात मी अतिरिक्त घसारा धरलेला नाही. उत्पादन करणाऱ्याला नव्या यंत्रावर पहिल्या वर्षी २० टक्के जास्तीचा मिळू शकतो, आणि तुमचं जॉबवर्क त्यात बसतं का हे सीएला विचारा. तो घेतला तर पाचव्या वर्षाच्या सुरुवातीला शिल्लक १०.४४ नाही, ७.९८ लाखच असते. मग ६ लाखांना विकून तोटा दोन लाखांच्या आतच राहतो. तसंच, कलमांचे क्रमांक मी १९६१ च्या कायद्याचे दिलेत. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे, त्यात क्रमांक बदलले, ब्लॉकची पद्धत तीच आहे.

पुस्तकातलं सूत्र आपल्याकडे अजूनही एका ठिकाणी जसंच्या तसं चालतं, ते वीजनिर्मिती करणाऱ्या कंपन्यांकडे. त्यांना यंत्रागणिक सरळ रेषेने घसारा घ्यायची मुभा आहे. ती घेतली की विक्रीवरचा तोटा त्याच वर्षी धंद्याचा खर्च म्हणून मिळतो आणि घसाऱ्याइतका नफा धंद्याचं उत्पन्न म्हणून धरला जातो.

रिपोर्टमध्ये असं करा. विक्रीचे ६ लाख एका ओळीत दाखवा आणि कराचा परिणाम खाली वेगळ्या ओळीत, म्हणजे बँकेच्या माणसाला तो तपासता येईल. १५ टक्क्यांच्या ब्लॉकमध्ये पाच वर्षांनीही काहीतरी नक्की असणार असेल तर ८६,२०० धरा, नाही तर शून्य. ६ लाखांचा अंदाजही एकदा पडताळून पाहा, कारण विकणारा डीलर चालू मशीनचा भाव सांगतो. कंट्रोलर किंवा स्पिंडल गेलेलं मशीन वजनावर जातं, क्रेन आणि ट्रकचा खर्च बहुधा विकणाऱ्याच्याच गळ्यात पडतो, आणि भंगारात आलेले पैसेसुद्धा ब्लॉकमधून तसेच वजा होतात.