साडी एक, चोऱ्या दोन

*मॅडम, मी मोहाडी तालुक्यातली. बाबा करवतकाठी साड्या विणतात. मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या वर्षी मी पदरासाठी मोहाच्या फुलांची नक्षी काढली. तशा सात साड्या विकल्या, फोटो व्हॉट्सॲप स्टेटसला ठेवले. आता नागपूरच्या एका दुकानात तीच नक्षी छापलेली साडी ‘करवतकाठी’ म्हणून विकत आहेत. मी पेटंट घेऊ की ट्रेडमार्क? आणि असल्या कामात करिअर होतं का?*
*— एक विद्यार्थिनी, जि. भंडारा*

पेटंटही नको आणि ट्रेडमार्कही नको. दोन्ही इथे कामाचे नाहीत. पेटंट मिळते ते नव्या तांत्रिक युक्तीला. तीन धोटे चालवून कोशाच्या अंगात रंगीत काठ गुंतवायची तुमची पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्यामुळे तिला नवी म्हणता येणार नाही. ट्रेडमार्क हा एका विक्रेत्याच्या मालाची ओळख असतो. बाबांनी स्वतःच्या नावाचे लेबल काढले तर त्याला ट्रेडमार्क मिळेल, पण तुझे मोहाचे फूल उचलणाऱ्याचा हात तो धरणार नाही.

त्या छापील साडीत दोन वेगळ्या चोऱ्या आहेत. ‘करवतकाठी’ हे नाव चोरले आहे आणि पदराची नक्षीही चोरली आहे. दोन्हींवरचे इलाज वेगळे आहेत, म्हणून एकेक बघू.

आधी नाव. करवतकाठी साडीला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालेले आहे. वायगावची हळद आणि भिवापूरची मिरची यांनाही ते आहे. १९९९ च्या कायद्याने हे संरक्षण आले. ट्रेडमार्क एका मालकाचा असतो आणि तो विकताही येतो. जीआय मात्र त्या प्रदेशात, त्या रीतीने माल तयार करणाऱ्या सगळ्यांचे असते. ते विकता येत नाही आणि कुणा व्यापाऱ्याच्या नावावरही करून देता येत नाही. छापील कापडाला ‘करवतकाठी’ म्हणून विकणे हा या नावाचा गैरवापर आहे. ओळखायला साडी उलटी करून बघ. तीन धोट्यांच्या विणीत करवतीचे दाते दोन्ही बाजूंनी दिसतात, कारण तिथे काठाचा धागा अंगाच्या धाग्यात अडकवलेला असतो. छपाईत मागची बाजू फिकी पडते.

पण दाद कोण मागणार? हा अधिकार मानांकन ज्यांच्या नावे नोंदले आहे त्यांना आणि नोंदणी केलेल्या ‘अधिकृत वापरकर्त्यांना’ असतो. मोहाडीत माग आहे एवढ्याने बाबा आपोआप अधिकृत वापरकर्ते होत नाहीत. त्यासाठी चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे वेगळा अर्ज करावा लागतो, आणि ती नोंदणी दहा वर्षांनी नव्याने करावी लागते. विणकर, शेतकरी सगळे इथेच अडकतात. गावाला मानांकन मिळाल्याची बातमी पेपरात येते, सत्कार होतात, आणि ज्यांच्या हातून माल निघतो त्यांची नावे नोंदवहीत नसतात. बाबांचे नाव यादीत आहे का, हे कार्यालयाच्या संकेतस्थळावर आजच बघ.

जीआयची मर्यादाही लक्षात घे. ते नावाला जपते, रूपाला नाही. उद्या त्याच दुकानदाराने पाटी बदलून ‘टेम्पल बॉर्डर साडी’ लिहिले, तर जीआयच्या बळावर त्याला अडवणे फार अवघड आहे.

आता नक्षी. कापडावरची नक्षी, आकार, रेषा आणि रंगांची मांडणी, म्हणजे जे डोळ्यांना दिसते ते, डिझाइन कायदा, २००० जपतो. कसब हातमागावरचे असले तरी चालते. कायद्यात हाताने केलेली प्रक्रियाही धरली आहे. संरक्षण आधी दहा वर्षे आणि वाढवून घेतले तर आणखी पाच, त्यापुढे नाही. अट एकच, पण कडक: अर्जाच्या तारखेआधी ती नक्षी जगासमोर आलेली नको. करवतीचा काठ कुणालाच नोंदता येणार नाही, कारण तो जुना आहे. तुझे मोहाचे फूल नवे होते, पण अर्जाआधीच तू साड्या विकल्यास आणि फोटो स्टेटसला ठेवलेस. त्या नक्षीची नोंदणी आता टिकणार नाही. कुणी पैसे घेऊन करून देतो म्हणाला तरी देऊ नकोस, कारण समोरचा तुझाच फोटो दाखवून ती रद्द करायला लावेल.

तरी सगळे हातचे गेलेले नाही. तू कागदावर काढलेले मूळ चित्र ही कलाकृती आहे आणि तिच्यावर तुझा कॉपीराइट आहे. नोंदणी होऊ शकणारे पण न नोंदलेले डिझाइन असेल, तर हा कॉपीराइट ते पन्नासहून जास्त नगांवर उतरेपर्यंत टिकतो. हे नग मोजायचे ते मालकाने केलेले किंवा त्याच्या परवानगीने झालेले. दुकानदाराने चोरून छापलेल्या साड्या यात येत नाहीत. तुमच्या सातच साड्या झाल्या आहेत, म्हणून कॉपीराइटच्या आधारे नोटीस पाठवायला जागा आहे. मूळ आलेख कागद, त्यावरची तारीख, विक्रीच्या पावत्या आणि दुकानातल्या साडीचे बिल एकत्र कर. बिलावर ‘करवतकाठी’ लिहून घेतलेस तर तोच कागद जीआयच्या तक्रारीलाही लागेल. मग हे सगळे वकिलाला दाखव. तोवर त्या नक्षीच्या साड्यांची मोजणी ठेव आणि पन्नाशी ओलांडू देऊ नकोस.

पुढची नक्षी मागावर चढवण्याआधी अर्ज कर. अर्जात वस्तू कोणती, तिचा वर्ग कोणता, साडीची चित्रे आणि नवेपण नेमके कशात आहे याचे निवेदन द्यावे लागते. व्यक्तीसाठी शुल्क एक हजार रुपये आहे. नवेपण ‘पदरावरच्या नक्षीत’ असे लिही आणि करवतीच्या काठावर आपला दावा नाही हेही लिही. संरक्षण नोंदलेल्या वर्गापुरतेच असते. साडीचे कापड नोंदले म्हणून पिशवीवरची नक्कल थांबत नाही, पिशवीसाठी वेगळा अर्ज करावा लागतो. एखाद्या व्यापाऱ्याला आधी नमुना दाखवणे भागच असेल, तर कायद्यात कापडाच्या नक्षीसाठी खास सोय आहे. नोंदणी करायचे ठरवून घेतलेली पहिली गोपनीय ऑर्डर ही प्रसिद्धी धरली जात नाही. मात्र ते गोपनीय असल्याचे ऑर्डरवर लेखी हवे.

करिअरचे म्हणशील तर तुझी बी.एस्सी. इथे उपयोगी पडते. विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी आणि वयाची एकवीस वर्षे पूर्ण असली की पेटंट एजंटची परीक्षा देता येते. ती लेखी आणि तोंडी अशी असते. उत्तीर्ण झालीस की लोकांचे डिझाइनचे अर्जही भरू शकतेस. कोर्टात उभे राहायचे असेल तर पदवीनंतर तीन वर्षांचे एलएल.बी. कर. माझे मत विचारशील तर तुझ्यासाठी कायद्याचाच रस्ता बरा, कारण जीआय, डिझाइन आणि कॉपीराइट तिन्ही त्यात येतात आणि तुझ्या गावाला तिन्ही लागतात. नागपुरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. ती या विषयांचे प्रशिक्षण देते. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिथले वेळापत्रक विचार.

कामाची सुरुवात पदवीआधीच होऊ शकते. मोहाडी-आंधळगाव भागात कोणाकडे चालता माग आहे आणि त्यातले किती अधिकृत वापरकर्ते आहेत, याची यादी कर. उरलेल्यांचे अर्ज भरायला घे, पहिला बाबांचा. कागद अडला तर नेमका कोणत्या मुद्द्यावर, ते मला लिही.