ग्रुप लॅब रिपोर्टसोबत वैयक्तिक योगदानाचं निवेदन कसं लिहायचं?

प्रश्न: चौघांनी मिळून साध्या लंबकाचा प्रयोग केला. रिपोर्ट एकच आहे, पण प्रत्येकाने ‘माझं योगदान’ वेगळं द्यायचंय. काय लिहू?

उत्तर: तुम्ही स्वतः केलेली दोन-तीन कामं प्रथमपुरुषी एकवचनात लिहा आणि प्रत्येक कामापुढे ते रिपोर्टमध्ये कुठे दिसतं, म्हणजे तक्ता, आलेख किंवा परिच्छेद, ते नोंदवा. मी अशी निवेदनं तपासते. ‘आलेख काढायला मदत केली’ यावरून मला काहीच ठरवता येत नाही. हे वाचून ठरवता येतं:

‘तक्ता २ मधल्या २० आंदोलनांच्या वेळा मी स्टॉपवॉचने घेतल्या. T² विरुद्ध L आलेख मी काढला. रेषा शून्यातून न जाता T² अक्षाला ०.०४ s² वर छेदत होती. लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता हुकपर्यंतच मोजली गेल्याचं त्यावरून लक्षात आलं. चढावर याचा परिणाम होत नाही, त्यामुळे g चं मूल्य तेच राहिलं. हे स्पष्टीकरण चर्चा विभागात मी लिहिलं.’

यात काय केलं, काय ठरवलं आणि का, हे तिन्ही आलं. तोंडी परीक्षेत प्रश्नही बहुधा यावरच येतात, म्हणून जे समजावून सांगता येणार नाही ते लिहू नका. मांडणी सगळ्यांनी मिळून केली असेल तर ‘आम्ही चौघांनी’ असंच म्हणा, उगाच वाटणी करू नका. सबमिट करण्याआधी चारही निवेदनं शेजारी ठेवून वाचा. एकाच आलेखावर दोघांचा दावा निघाला तर तो तिथेच मिटवा.

मात्र विभागाने टक्केवारीचा छापील फॉर्म दिला असेल तर तोच भरा, आणि हा मजकूर शेऱ्याच्या रकान्यात थोडक्यात द्या.