सरांना जसाच्या तसा पुढे पाठवता येईल असा मेल

‘मॅडम, कॅम्पस मुलाखतीतून माझी निवड झाली, ऑफर लेटरही मिळालं. रुजू होण्याची तारीख 1 जुलै होती, ती 16 ऑगस्ट झाली आणि आता एचआरकडून फक्त “लवकरच कळवू” एवढंच येतं. या नोकरीसाठी मी एप्रिलमध्ये दुसरी नोकरी नाकारली होती. आता आणखी एका ठिकाणाहून बोलावणं आलंय, त्यांना 24 सप्टेंबरपर्यंत उत्तर हवंय. माझी शेवटची मुलाखत ज्यांनी घेतली ते सर त्या विभागाचे व्हाइस प्रेसिडेंट आहेत. त्यांच्यासाठी लिहिलेला मेल सोबत जोडलाय. रात्री दोन वाजता रडत लिहिलाय, अजून पाठवलेला नाही. ताई म्हणते फार लांब झालाय. पण काय काढू तेच कळत नाही, मला सगळंच महत्त्वाचं वाटतं.’

मसुदा दोनदा वाचला. पाठवला नाहीस हे फार बरं केलंस. त्यात अकरा परिच्छेद आहेत आणि तुला नेमकं काय हवंय ते दहाव्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीत येतं: ‘निदान मी येणार की नाही एवढं तरी सांगा.’ तिथपर्यंत सर पोहोचणार नाहीत. पण लांबी ही या मेलची दुसरी अडचण आहे. पहिली वेगळीच आहे, ती आधी सांगते.

मेल मिळाल्यावर हे सर करतील काय, याचा विचार कर. तुझी रुजू होण्याची तारीख त्यांच्या डोक्यात नसते. ती त्यांना एचआरला विचारावी लागते. म्हणजे मनात आणलं तर त्यांचं काम एवढंच: मेल फॉरवर्ड करायचा आणि वर एक ओळ लिहायची, ‘यांचं बघा आणि मला सांगा.’ दोन मीटिंगच्या मधे, लिफ्टची वाट बघताना, मोबाइलवर हे अर्ध्या मिनिटात होतं. आता तुझा चौथा परिच्छेद बघ. एचआरच्या ज्या मॅडम तुझ्याशी बोलत होत्या त्यांच्याबद्दल तू लिहिलंयस, ‘त्यांना माणुसकी म्हणून काही आहे की नाही?’ हा मेल सर त्याच मॅडमना कसा फॉरवर्ड करणार? त्यांना तुझी हकिगत स्वतःच्या शब्दांत नव्याने लिहावी लागेल. ‘संध्याकाळी निवांत बघू’ म्हणून ते बाजूला ठेवतील आणि संध्याकाळपर्यंत त्यावर आणखी साठ मेल येऊन पडतील. त्यांना तुझी पर्वा नाही म्हणून तो मागे पडेल असं नाही. हातातल्या हातात करता येण्यासारखं त्यात काही सापडलं नाही, म्हणून पडेल.

म्हणून कात्री चालवताना प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न विचार. हे वाक्य सरांनी तसंच्या तसं एचआरकडे, त्यांच्या वरिष्ठांकडे, हिशेब विभागाकडे पाठवलं, तर कोणाला खाली बघावं लागेल का? लागणार असेल, तर ते वाक्य मेलमध्ये नको.

आता प्रत्यक्ष काम. मसुद्याची छापील प्रत घे आणि तीन रंगांची पेनं घे. जे घडलं ते एका रंगाने अधोरेखित कर: तारखा, कोणी काय कळवलं, तू काय केलंस. तुला काय वाटलं ते दुसऱ्या रंगाने. आणि समोरच्यांच्या मनात काय असेल याचे तू बांधलेले अंदाज तिसऱ्याने. ‘आमच्यासारख्या मुलांची तुम्हाला किंमत नाही’, ‘तुम्ही मुद्दाम टाळताय’, ‘हा विश्वासघात आहे’ ही सगळी तिसऱ्या रंगाची वाक्यं. ती सरसकट काढून टाक. त्यांच्या मनात काय आहे हे तुला माहीत नाही. शिवाय असं वाक्य वाचलं की माणूस आधी स्वतःचा बचाव करू लागतो, तुझा प्रश्न मागेच राहतो.

दुसऱ्या रंगाच्या वाक्यांना मात्र लगेच हात लावू नकोस. बहुतेक मुलं इथेच चुकतात. भावनेची ओळ दिसली की पुसतात आणि तिच्यासोबत कामाची गोष्टही पुसली जाते. प्रत्येक ओळीपुढे समासात लिही, ‘काय झालं म्हणून?’ तुझ्या सहाव्या परिच्छेदात आहे, ‘मैत्रिणींना तोंड दाखवायला जागा उरलेली नाही.’ काय झालं म्हणून? तर या नोकरीच्या भरवशावर तू एप्रिलमध्ये हातातली दुसरी नोकरी नाकारलीस. ही बाब तुझ्या अख्ख्या मसुद्यात कुठेच नाही! मला लिहिलेल्या पत्रात आहे, सरांना लिहिलेल्या मेलमध्ये नाही. ती तोंड दाखवण्याच्या वाक्याखाली दबून गेली. सरांच्या दृष्टीने हीच सगळ्यात वजनदार गोष्ट आहे, कारण कंपनीच्या शब्दामुळे तुझं नुकसान झालं हे त्या एका ओळीतून दिसतं आणि त्यासाठी एकही कठोर शब्द वापरावा लागत नाही.

‘आणखी किती दिवस झुलवणार?’ या ओळीलाही हेच विचार. तिच्यामागे आहे 24 सप्टेंबर. तारीख लिही, झुलवणं काढ.

वडिलांचं आजारपण आणि शिक्षणाचं कर्ज यांबद्दलचे दोन परिच्छेद वाचून मला फार वाईट वाटलं. तरी ते या मेलमध्ये नकोत, आणि हे सांगताना माझा जीव वरखाली होतोय. ते खोटं किंवा क्षुल्लक आहे असं नाही. सर त्यावर काही करू शकत नाहीत. ते हळहळतील, पण तारीख हळहळीने ठरत नाही. आणि हा मेल चार जणांकडे जाईल तेव्हा घरातली ही गोष्टही चार जणांकडे जाईल. ती कोणाला सांगायची हे तुझ्या हातात राहू दे.

राहिली मागणी. ‘मला न्याय द्या’ याला एका ओळीत उत्तर देता येत नाही. ‘22 सप्टेंबरपर्यंत तारीख कळू शकेल का?’ याला येतं. आणि उत्तर हो असो, नाही असो किंवा ‘आत्ता सांगता येत नाही’ असो, तिन्हींचा तुला उपयोग आहे. 24 ऐवजी 22 अशासाठी, की उत्तर आल्यावर विचार करायला तुझ्याकडे दोन दिवस हवेत.

एवढं करून उरतं ते असं. मुलाखतीची तारीख तुझ्या मसुद्यातूनच घेतली आहे.

विषय: रुजू तारीख 22 सप्टेंबरपर्यंत कळू शकेल का?

आदरणीय सर,

माझी रुजू होण्याची तारीख 22 सप्टेंबरपर्यंत निश्चित कळू शकेल का?

12 मार्चला आपण माझी अंतिम मुलाखत घेतली होती. ऑफर लेटरमध्ये 1 जुलै ही तारीख होती. ती 16 ऑगस्ट झाली आणि त्यानंतर नवी तारीख मिळालेली नाही. या नोकरीसाठी मी एप्रिलमध्ये दुसरी नोकरी नाकारली होती. आता आणखी एका ठिकाणी 24 सप्टेंबरपर्यंत उत्तर द्यायचे आहे.

मला आपल्या विभागातच काम करायचे आहे. तारीख अजून ठरलेली नसेल, तर तसे कळवले तरी मला निर्णय घेता येईल.

ऑफर लेटर आणि एचआरचा शेवटचा मेल सोबत जोडला आहे. एचआर विभागालाही या मेलची प्रत पाठवली आहे.

आपली,
(पूर्ण नाव, ऑफर लेटरवरचा क्रमांक, मोबाइल नंबर)

प्रश्न दोनदा आला आहे, विषयात आणि पहिल्या ओळीत. तो मुद्दाम ठेवलाय. मोबाइलवर मेल न उघडताही साधारण एवढंच दिसतं, आणि मेल उघडायचा की नाही हे तिथेच ठरतं. विषयात ‘अत्यंत तातडीचे’ किंवा ‘कृपया वाचावे’ लिहू नकोस. त्यातून कामाचं काहीच कळत नाही.

मुलाखतीचा उल्लेख ओळख पटावी म्हणून. माझ्या एका विद्यार्थ्याने असाच मेल छाटत छाटत ‘सर, कृपया माझी तारीख कळवावी’ एवढ्यावर आणला होता. दोन आठवडे उत्तर नाही. हा मुलगा कोण, कुठली तारीख, हे शोधायला दुसऱ्या कोणाला तरी खपावं लागलं असतं. तेव्हा शब्द मोजत बसू नकोस. दुसरं काही न उघडता सरांना विषय कळला पाहिजे, तिथे कात्री थांबव.

दुसऱ्या नोकरीबद्दल लिहावं की नाही, असं तू विचारशीलच. लिही, कारण तुझी मुदत तिच्यामुळेच आहे. त्या कंपनीचं नाव आणि पगाराचा आकडा मात्र नको. आकडा आला की मुदतीची विचारणा घासाघीस वाटू लागते. ‘22 पर्यंत कळवा, अन्यथा मला दुसरीकडे जावे लागेल’ हे वाक्यही मी टाळलं. अर्थ जवळपास तोच आहे, पण ‘अन्यथा’ आलं की धमकी होते. मुदतीचं कारण सांगितलंस की पुढचं त्यांना आपोआप कळतं.

एचआरला प्रत ठेवायला तुझं मन घेणार नाही, तरी ठेव. सरांनी फॉरवर्ड केल्यावर तो मेल त्यांच्यापर्यंत जाणारच आहे. पाठीमागून तक्रार केली असं वाटण्यापेक्षा समोरून विचारलं हे बरं. या मेलमध्ये त्यांच्याविरुद्ध एक शब्दही नाही, म्हणून हे करता येतं.

रात्री पाठवू नकोस. सरांचा पत्ता सगळ्यात शेवटी भर, म्हणजे अर्धवट मेल चुकून जाणार नाही. पाठवण्याआधी ताईला वाचायला दे आणि फक्त एवढंच विचार: ‘मी काय मागतेय?’ तिला सांगायला पाच सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागला, तर अजून काहीतरी आड येतंय.

एक अपवाद आवर्जून सांगते. छळ, पैशांची मागणी किंवा भेदभाव यांची तक्रार असेल, तर ही पद्धत वापरायची नाही. तिथे तारीखवार, सविस्तर, साक्षीदारांसह लिहायचं असतं, आणि तेही त्यासाठी नेमलेल्या समितीकडे किंवा अधिकाऱ्याकडे. तिथे काटछाट केली तर पुरावाच कमी होतो. तुझ्याबाबतीत असं काही घडलं असेल आणि ते मसुद्यात आलं नसेल, तर आधी मला कळव.

मेल उद्या सकाळी दहाच्या सुमारास पाठव. कामाचे तीन दिवस उत्तर आलं नाही, तर नवा मेल लिहू नकोस, याच मेलला जोडून दोन ओळी पाठव: ‘सर, खालील विचारणेची आठवण करून देत आहे. 22 पर्यंत कळल्यास मदत होईल.’ सरांनी फोन केला, तर संभाषण संपल्यावर ‘आपण सांगितल्याप्रमाणे’ अशी सुरुवात करून त्यांनी दिलेली तारीख त्याच मेलखाली लिहून पाठव, म्हणजे ती लेखी राहील. 22 ची संध्याकाळ झाली आणि काहीच आलं नाही, तर दोन्ही ऑफर लेटरं घेऊन मला फोन कर. 24 च्या आत त्या दुसऱ्या नोकरीचं काय करायचं ते आपण एकत्र बसून ठरवू.